शेवटच्याची मजुरी : एका उताऱ्यातून उपदेश कसा उभा राहतो

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायाची पहिली सोळा वचने सावकाश, मोठ्याने वाचली तरी तीन मिनिटांत संपतात. रविवारच्या उपासनेत उपदेशकाला याच सोळा वचनांवर वीस-पंचवीस मिनिटे बोलायचे असते. कॅथलिक मिस्सेत फादरांना त्याहून बराच कमी वेळ मिळतो. वेळ कमी असो की जास्त, अडचण एकच असते. सोळा वचनांत सांगण्यासारख्या निदान वीस गोष्टी सापडतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात घरापर्यंत टिकते ती एखादीच. वीसांतून ती एक शोधायची कशी, आणि मग तिला तीन पायऱ्यांवर उभी करायची कशी, हे याच उताऱ्याच्या आधाराने सांगतो. मी अनेक वर्षे या उताऱ्याशी झगडलो आहे आणि एकदा तो पार चुकीचा सांगितलाही आहे.

आधी गोष्ट. एका द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर आणतो. दिनार हे रोमी चांदीचे नाणे, साधारण एका दिवसाची मजुरी. मग तो पुन्हा नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो. या लोकांशी रक्कम ठरत नाही. जे योग्य असेल ते देईन, एवढेच तो म्हणतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, पाचच्या सुमारास, तो आणखी एकदा जातो. तिथे अजून माणसे उभी असतात. दिवसभर का उभे आहात, असे विचारल्यावर ती सांगतात की आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. मालक त्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी तो कारभाऱ्याला सांगतो की मजुरी वाट, पण शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. शेवटच्यांना एक दिनार मिळतो. पहाटेच्यांना वाटते की आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार मिळतो. ते कुरकुर करतात. मालक त्यांतल्या एकाला उत्तर देतो, आणि गोष्ट तिथेच संपते.

मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्या शहरांत सकाळी मजूर-नाक्यावर गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. सात-साडेसातला ज्यांना कोणी नेले ते गेले. दहा वाजून गेल्यावरही जो उभा आहे, त्याच्या चेहऱ्यावर रिकाम्या डब्याची काळजी दिसते. पाच वाजेपर्यंत कोण उभा राहील? ज्याला रिकाम्या हाताने घरी जाणे त्याहून जड वाटते, तोच.

या ओळखीमुळेच उपदेशक घसरतो. गोष्ट इतकी जवळची वाटते की तो ती न वाचताच सांगू लागतो. म्हणून तयारीच्या पहिल्या दिवशी उपदेश लिहायचा नाही. उतारा नुसता वाचायचा, निदान दोन-तीन भाषांतरांतून, आणि तो कुठे सुरू होतो व कुठे संपतो ते ठरवायचे.

इथे पहिली मेख आहे. या उताऱ्याच्या सुरुवातीला मूळ ग्रीकमध्ये ‘कारण’ या अर्थाचा छोटासा शब्द आहे. ‘कारण’ म्हटले की आधी काहीतरी बोलणे झालेले असणार. पण आपण वाचतो नव्या अध्यायापासून, त्यामुळे आधीचे बोलणे नजरेआड होते. अध्यायांची ही विभागणी मत्तयाने केलेली नाही. ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि तिचे श्रेय स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मपंडिताला देतात. वचनांचे आजचे आकडे तर रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. भिंत मागाहून घातलेली आहे, हे कळले की ती ओलांडून मागे पाहता येते. मागे, एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी, पेत्र येशूला विचारतो की आम्ही सगळे सोडून तुझ्या मागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? येशू त्याला मोठे आश्वासन देतो, आणि लगेच बजावतो की पहिले असलेले पुष्कळजण शेवटचे होतील आणि शेवटचे पहिले. त्यानंतर ‘कारण’ म्हणून ही गोष्ट येते. गोष्ट संपते तीही पहिल्या-शेवटच्याच्या त्याच बोलण्यावर, फक्त क्रम उलटा करून.

म्हणजे ही गोष्ट पेत्राच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पेत्र पहाटेचा मजूर आहे. जाळी टाकून पहिल्या हाकेला आलेला माणूस. येशू ही गोष्ट पाच वाजता आलेल्यांना नव्हे, पहाटेपासून राबणाऱ्यांना सांगतो आहे. हे एक कळले की उपदेशाची दिशाच बदलते.

माझी चूक नेमकी इथली. तरुणपणी मी या उताऱ्यावर उपदेश केला तेव्हा मालकाच्या पाच फेऱ्यांना माणसाची पाच वये केले. पहाट म्हणजे बालपण, नऊ म्हणजे तारुण्य, असे करत पाच म्हणजे म्हातारपण. देव शेवटच्या घटकेलाही बोलावतो, अजून वेळ गेलेली नाही, असा शेवट केला. हा अर्थ माझा नव्हताच. तिसऱ्या शतकात ओरिगेनने तो लावला होता, आणि त्याच्या आधी इरेनेयसने याच फेऱ्यांत जगाच्या इतिहासातली युगे पाहिली होती. उपासनेनंतर मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी मला थांबवून शांतपणे विचारले, “मग दिवसभर उन्हात राबलेल्यांचं काय झालं, बाळा? ते तू सांगितलंच नाहीस.” बाई चाळीस वर्षे त्या मंडळीची झाडलोट करत होत्या. मी सातव्या वचनाशी थांबलो होतो आणि उरलेली नऊ वचने त्यांच्यासाठी होती.

जॉन क्रिसोस्तोम या चौथ्या शतकातल्या उपदेशकाने याच उताऱ्यावर बोलताना सावध केले आहे की दाखल्यातल्या प्रत्येक शब्दामागे हात धुऊन लागू नये, दाखला ज्यासाठी सांगितला तो हेतू धरावा. आधुनिक काळात जर्मन अभ्यासक आडोल्फ युलिशर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोच आग्रह पुन्हा धरला, की दाखला एका मुद्द्यासाठी असतो. युलिशरांनी तो जरा जास्तच ताणला, असे पुढच्या अभ्यासकांना वाटले आणि मलाही वाटते. पण पाच फेऱ्यांची पाच वये करणाऱ्याला त्यांचे म्हणणे आधी पचवावे लागते.

दुसऱ्या दिवशी शब्दांकडे जायचे. सगळ्या शब्दांकडे नाही, ज्यांच्यावर गोष्ट वळते तेवढ्यांकडेच. या उताऱ्यात असे तीन शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला म्हणजे पाच वाजता उभ्या असलेल्यांचे ‘रिकामे’ असणे. मराठीत ‘रिकामा’ म्हटले की लगेच ‘रिकामटेकडा’ आठवतो, आणि कितीतरी उपदेशक इथे आळसावर पाच मिनिटे झोडपून काढतात. मूळ शब्दाचा अर्थ ‘काम नसलेला’ असा आहे. ती माणसे स्वतःच कारण सांगतात, की कोणी बोलावले नाही, आणि मालक त्यावर वाद घालत नाही. आळसावरची ती पाच मिनिटे उताऱ्यात नाहीत.

दुसरा शब्द म्हणजे मालक तक्रार करणाऱ्याला ‘मित्रा’ म्हणतो तो. मत्तयात या ग्रीक शब्दाने कुणाला हाक मारली आहे ती तीनच ठिकाणी. एक इथे, एक लग्नाचा पोशाख न घालता मेजवानीला आलेल्या पाहुण्याला, आणि एक गेथशेमाने बागेत यहूदाला. तीनही वेळा समोरचा चुकलेला आहे. सौम्य पण अंतर राखणारी ही हाक आहे. गळ्यात गळा घालणारी मैत्री तिच्यात नाही आणि हाकलून लावणेही नाही.

तिसरा शब्द सर्वांत मोलाचा. मालक शेवटी विचारतो, त्याचा शब्दशः अर्थ असा होतो, की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का? मराठी वाचकाला ‘वाईट डोळा’ म्हटले की दृष्ट लागणे आठवते, मीठ-मोहऱ्या आठवतात. इथे तसे काही नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात गरीब भावाला उसने द्यायला कां-कूं करणाऱ्या माणसाचा डोळा वाईट म्हटला आहे. दुसऱ्याच्या हातात काही पडताना पाहून आक्रसणारी नजर, असा त्याचा भाव आहे. आपल्याकडे ‘डोळ्यात सलणे’ हा वाक्प्रचार आहे, तो इथे तंतोतंत बसतो. ग्रीक शब्द व्यासपीठावर सांगायची गरज नाही. ‘डोळ्यात सलते’ म्हटले की मागच्या बाकावरच्या माणसालाही कळते.

एवढे झाल्यावर खरे अवघड काम येते. सगळा उतारा एका वाक्यात सांगायचे. अमेरिकेतल्या हॅडन रॉबिन्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या उपदेशशास्त्राच्या पुस्तकात यासाठी दोन प्रश्न दिले आहेत आणि मला त्यांहून सोपे साधन सापडलेले नाही. उतारा कशाबद्दल बोलतो? आणि त्याबद्दल काय सांगतो? पहिल्याचे उत्तर म्हणजे विषय. दुसऱ्याचे उत्तर त्याला जोडले की विधान होते. निम्मे उपदेश विषयावरच थांबतात.

माझ्या वहीतल्या खाडाखोडीच दाखवतो. पहिल्यांदा मी लिहिले, ‘देवाची कृपा’. हा नुसता विषय आहे. यात क्रियापदच नाही, त्यामुळे देवाच्या कृपेबद्दल काय, हे मलाच ठाऊक नव्हते. मग लिहिले, ‘देव उदार आहे’. हे वाक्य आहे, खरेही आहे, पण ते स्तोत्रसंहितेतल्या अर्ध्या स्तोत्रांवर लागू पडते. जे वाक्य दुसऱ्या उताऱ्यावर चिकटवले तरी चालते, ते या उताऱ्याचे नाही. तिसऱ्यांदा लिहिले, ‘देव उशिरा आलेल्यांनाही पूर्ण देतो’. आता मळा आणि मजुरी दोन्ही आले. पण हे वाक्य नवव्या वचनाशी संपते आणि त्या झाडलोट करणाऱ्या बाई पुन्हा बाहेर राहतात. कुरकुर आणि मालकाचे उत्तर ज्यात येत नाही, ते वाक्य अर्ध्या उताऱ्याचे.

तेव्हा पेत्राचा प्रश्न समोर ठेवला आणि तेराव्या वचनातल्या मालकाच्या उत्तराकडे पाहिले. मी तुझ्यावर अन्याय करत नाही, ठरलेले तुला दिले आहे, असे तो म्हणतो. तिथे वाक्य सापडले : ‘देव शेवटच्याला भरून देतो, तेव्हा पहिल्याचे काही कमी होत नाही.’

या वाक्यात दोन्ही मजूर आहेत, मालक आहे, आणि पेत्राची धडधडही आहे. घाबरलेल्या माणसाला नेमके हेच वाटत असते, की त्याला मिळाले म्हणजे माझे गेले. वाक्य लहान आहे, बोलीतले आहे, एका दमात म्हणता येते. ते उपदेशकाने एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. म्हणताना श्वास तुटला किंवा ‘आणि’ दोनदा आले, तर ते दोन उपदेश आहेत असे समजावे.

आता तीन भाग. उपदेशाचे तीन भाग पाडण्याची रीत युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत पक्की झाली. एक वचन घ्यायचे आणि त्याचे तीन फाटे फोडायचे, याचे सविस्तर नियम रॉबर्ट ऑफ बेसव्हॉर्नने १३२२ साली लिहून ठेवले आहेत. मँचेस्टरचे अलेक्झांडर मॅक्लारेन एकोणिसाव्या शतकात याच त्रिभागी मांडणीसाठी नावाजले गेले. मिशनऱ्यांच्या शिकवणीतून ती आपल्या मंडळ्यांतही आली आणि ‘आजच्या उपदेशाचे तीन मुद्दे’ हे शब्द मराठी ख्रिस्ती कानाला इतके सवयीचे झाले की मुद्दे मोजले नाहीत तर उपदेश झाला असे वाटत नाही.

सवयीबरोबर एक मोहही आला, तो म्हणजे यमकाचा. या उताऱ्यावर कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सुचते : मालक, मजूर, मजुरी. तीन ‘म’. जरा जास्त मेहनत घेतली तर मालकाची हाक, मजुराची हाव, मजुरीचा हिशेब, म्हणजे तीन ‘ह’. ऐकायला गोड लागते आणि लक्षातही राहते. पण काय लक्षात राहते? ‘मालक’ या मुद्द्याखाली देवाच्या गुणांवर काहीही बोलता येते, ‘मजूर’खाली मंडळीच्या सेवेवर काहीही बोलता येते. ही तीन शीर्षके आहेत आणि प्रत्येकाखाली वेगळा छोटा उपदेश उभा राहतो. तिन्हींना जोडणारा फक्त ‘म’ असतो.

खऱ्या भागांसाठी पुन्हा उताऱ्याकडे जायचे आणि गोष्ट स्वतः कुठे वळते ते पाहायचे. ही गोष्ट दोनदा वळते. आठव्या वचनात संध्याकाळ होते, आणि तेराव्या वचनात मालक बोलू लागतो. त्यामुळे तीन तुकडे आपोआप पडतात : एक ते सात बाजारात, आठ ते बारा पैसे वाटण्याच्या जागी, तेरा ते सोळा मालक आणि एक मजूर समोरासमोर. आता प्रत्येक तुकडा मुख्य वाक्याबद्दल काय म्हणतो ते पूर्ण वाक्यात लिहायचे. माझ्या वहीत ते असे उतरले.

पहिला भाग : पहिला असो की शेवटचा, मळ्यात आला तो मालकाच्या हाकेने.

दुसरा भाग : पहिल्याला ठरलेले सगळे मिळाले, तरी त्याला कमी वाटले.

तिसरा भाग : कमी काय आहे, ते हिशेबात सापडत नाही, डोळ्यात सापडते.

यांत यमक नाही, पण एक वाक्य दुसऱ्याला ओढून आणते. ही मांडणी तपासायची माझी रीत अशी की भागांची अदलाबदल करून पाहायची. मालक-मजूर-मजुरी कोणत्याही क्रमाने सांगता येते, काही बिघडत नाही. वरचे तीन भाग उलटसुलट केले तर उपदेश कोसळतो. पहिल्यानेही नाक्यावरच सुरुवात केली होती, हे आधी सांगितल्याशिवाय त्याच्या कुरकुरीतले विसरणे दिसत नाही, आणि कुरकुर नीट ऐकल्याशिवाय मालकाचा प्रश्न बोचत नाही.

प्रत्येक भागात काय भरायचे हेही यावरून ठरते. पहिल्या भागात मालकाचे स्वतः जाणे मोठे करायचे. त्याच्याकडे कारभारी आहे, हे आपल्याला आठव्या वचनात कळते. मग माणसे आणायला तो कारभाऱ्याला का पाठवत नाही? पाच वेळा स्वतः का जातो? दाखला कारण देत नाही. उपदेशकानेही ते रचू नये, फक्त पाच फेऱ्या मंडळीला चालायला लावाव्यात. नाक्याचे चित्र इथेच यायला हवे आणि दीड मिनिटात संपायला हवे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण हे चित्र फार ताकदीचे आहे. सोडले तर ते रोजंदारी, ठेकेदार, कामगार कायदे असे वाहत जाते. त्या विषयावर वेगळा उपदेश जरूर करावा. लेवीयच्या एकोणिसाव्या आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराचे वेतन त्याच दिवशी द्यावे अशी सक्त आज्ञा आहे. या गोष्टीतला मालक ती पाळतो, म्हणूनच संध्याकाळी वाटप होते. पण इथे ती आज्ञा पार्श्वभूमी आहे, एका वाक्यापुरती.

दुसऱ्या भागात वेळ द्यावा. उपदेशाचे काळीज इथे आहे. मालक शेवटच्यांपासून वाटायला का सांगतो? पहिल्यांना आधी दिले असते, तर एक दिनार घेऊन ते समाधानाने घरी गेले असते. शेवटच्यांना काय मिळाले हे त्यांना कळलेही नसते. वाटपाचा क्रम उलटा आहे म्हणून त्यांना पाहावे लागते, आणि पाहिल्याबरोबर हातातला तोच दिनार हलका होतो. नाणे बदललेले नाही, वजन बदललेले नाही. बदलली आहे ती बाजूच्या हातावर गेलेली नजर. त्यांची तक्रारही नीट ऐकायला हवी. आम्हाला कमी दिलेस, असे ते म्हणत नाहीत. तू यांना आमच्या बरोबरीचे केलेस, असे म्हणतात. दुखते ते बरोबरी झाल्याचे. आपल्या समाजात हे वाक्य किती तोंडांनी आणि किती पिढ्या म्हटले गेले आहे, ते मंडळीला समजावून सांगावे लागणार नाही. उपदेशकाने ते वाक्य दोनदा वाचावे आणि थोडे थांबावे.

या भागात पहाटेच्या मजुरांची टिंगल करायची नाही. उन्हाचा ताप त्यांनी खरोखर सोसला आहे आणि मालक ते नाकारत नाही. ज्या उपदेशात ते नुसते हावरट दिसतात, तिथे मंडळीतला प्रत्येकजण स्वतःला पाच वाजता आलेल्यांत मोजतो आणि निश्चिंत होतो. बाकांवर बसलेली बहुतेक माणसे पिढीजात ख्रिस्ती, वर्षानुवर्षे येणारी, वर्गणी देणारी असतात. ती पहाटेची आहेत. त्यांची बाजू इतक्या खरेपणाने मांडावी की त्यांना वाटावे, बरोबरच आहे, आमच्यावर अन्याय झाला. मगच तिसरा भाग त्यांच्यापर्यंत पोचतो.

तिसऱ्या भागात मालकाची तीन छोटी वाक्ये क्रमाने घ्यायची : अन्याय नाही, माझे मी माझ्या मर्जीने देतो, तुझ्या डोळ्यात हे सलते का? मधल्या वाक्यावर लहरी धन्याची छाया पडू शकते, की पैसा माझा, मी वाटेल ते करीन. ती पडू द्यायची नसेल तर पहिल्या भागातल्या पाच फेऱ्या इथे आठवून द्याव्या लागतात. ज्याची मर्जी त्याला भर उन्हात पुन्हा पुन्हा नाक्यावर घेऊन जाते, त्या मर्जीला माणूस भीत नाही. पहिल्या भागात पेरलेले तिसऱ्यात उगवले, म्हणजे मांडणी जमली.

मुख्य वाक्य कधी म्हणायचे? जुन्या रीतीने ते प्रस्तावनेतच जाहीर करतात आणि मग तीन मुद्द्यांनी सिद्ध करतात. अमेरिकन उपदेशक फ्रेड क्रॅडॉक यांनी १९७१ साली या रीतीवर टीका केली. निष्कर्ष आधी हातात दिला की ऐकणाऱ्याला शोधायला काही उरत नाही, त्याने उपदेशकाबरोबर चालत तिथवर यावे, असे त्यांचे म्हणणे. पत्रांतल्या एखाद्या युक्तिवादाच्या उताऱ्याला जुनी रीत चालते. हा दाखला मात्र धक्क्यावर उभा आहे. पहिल्याचे काही कमी होत नाही हे दुसऱ्या मिनिटाला सांगून टाकले, तर संध्याकाळच्या वाटपात कोणाचा श्वास अडकणार? म्हणून मी प्रस्तावनेत फक्त पेत्राचा प्रश्न ठेवतो, आम्हाला काय मिळणार, आणि वाक्य तिसऱ्या भागाच्या तोंडाशी पहिल्यांदा म्हणतो. नंतर आणखी दोनदा, शब्द न बदलता. लिहिताना पुनरुक्ती टाळण्याची आपल्याला सवय असते, पण ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. ते वाक्य दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगितले तर त्याला तीन वेगळी वाक्ये ऐकू येतात.

वेळेचा हिशेब साधारण असा पडतो. पंचवीस मिनिटांच्या उपदेशात प्रस्तावनेला तीन, पहिल्या भागाला पाच, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला सहा आणि समारोपाला तीन. भाग समान लांबीचे असावेत असा काही नियम नाही. मिस्सेतल्या प्रवचनासाठी पोप फ्रान्सिस यांनी आधी दहा मिनिटांची आणि पुढे आठ मिनिटांची मर्यादा सुचवली होती. २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात त्यांनी एका जुन्या गुरूचा दाखला देऊन म्हटले आहे की चांगल्या प्रवचनात एक विचार, एक भावना आणि एक चित्र असावे. आठ मिनिटांत तीन भागांची तीन पावले होतात आणि नाक्याचे चित्र दोन वाक्यांत येते, पण क्रम तोच राहतो.

तीन या आकड्याचे मात्र सोवळे पाळू नये. डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी दोन घरे आहेत, खडकावरचे आणि वाळूवरचे. पहिल्या स्तोत्रात दोन वाटा आहेत. तिथे तिसरा मुद्दा शोधणारा उपदेशक बहुधा तो स्वतःच्या खिशातून काढतो, आणि तो मुद्दा हमखास ‘आपण काय करावे’ असा उपदेशाचा डोस असतो. उताऱ्यात तीन वळणे असतील तेव्हाच तीन भाग पाडावेत. आपल्याकडचा कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि त्याचे चरण जसे असतील तसे उलगडत जातो. चरण वाढवत नाही. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती मंडळीत भजन-कीर्तनाचा आग्रह धरला, त्यामागे मराठी कानाला हीच चाल कळते ही जाण होती, असे मला वाटते.

शनिवारी संध्याकाळी कापाकापी करायची. माझ्या टिपणांत दिनारावरची माहिती, द्राक्षतोडणीचा हंगाम, ओरिगेन, क्रिसोस्तोम, मित्र या शब्दाची तीन ठिकाणे हे सगळे असते. या लेखात ते आले, कारण लेख वाचणाऱ्याला थांबून विचार करता येतो. व्यासपीठावर यातले जवळजवळ काही जात नाही. प्रत्येक परिच्छेदापुढे मुख्य वाक्य ठेवून विचारायचे, की हा परिच्छेद त्या वाक्याला उचलून धरतो का? न धरणारे आवडते परिच्छेद काढताना हात जड होतो. ते वहीत राहू द्यावेत, दुसऱ्या रविवारी उपयोगी पडतात. मग घरातल्या कोणाला तरी, शक्यतो ज्याला हा उतारा पाठ नाही अशा माणसाला, तीन भागांची वाक्ये वाचून दाखवावीत आणि विचारावे, मी काय म्हणतोय? उत्तर ‘देव चांगला आहे’ असे आले तर वाक्य अजून धूसर आहे. ‘दुसऱ्याला मिळालं म्हणून माझं गेलं नाही’ असे काहीसे आले, तर झोपायला हरकत नाही.

समारोपाचा प्रश्न उरतो. इथे गोष्टच मदत करते, कारण ती अर्ध्यावर सुटते. मालकाने विचारलेल्या प्रश्नाला मजुराचे उत्तर मत्तयाने दिलेले नाही. तो दिनार घेऊन वळला का, मळ्याच्या दाराशी शेवटच्या माणसाशी दोन शब्द बोलला का, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नाक्यावर आला का, काही कळत नाही. अनेक उपदेशक हे उत्तर मजुराच्या तोंडी घालतात आणि त्याला पश्चात्ताप करायला लावतात. मी तसे करत नाही. मी शेवटी मंडळीला त्या मजुराच्या जागी उभे करतो. हातात दिनार, शेजारी तासाभरापूर्वी आलेला माणूस, त्याच्याही हातात दिनार, आणि समोर उत्तराची वाट पाहणारा मालक. मुख्य वाक्य तिसऱ्यांदा म्हणतो, बायबल मिटतो आणि प्रार्थनेसाठी उभे राहायला सांगतो.